प्राधान्यक्रम अचानक बदलले, कामं थांबवावी लागली: टीमला मेल कसा लिहायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अशा मेलमध्ये नवं काम कोणतं हे सगळेच मॅनेजर नीट लिहितात. जुन्या कामांचं काय करायचं, हे मात्र बहुतेक वेळा एका वाक्यात उरकलं जातं: "बाकीची कामं तूर्तास बाजूला ठेवू या." टीमचा पुढचा आठवडा या वाक्यावरच अडखळतो. म्हणून इथली बहुतेक उत्तरं थांबवलेल्या कामांबद्दल आहेत.

उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे. डिसेंबर २०२१ मध्ये `log4j-core` या जावा लायब्ररीतला `CVE-2021-44228` हा दोष उघड झाला. प्रोग्रामच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, एक विशिष्ट मजकूर उमटला की लायब्ररी बाहेरच्या सर्व्हरशी संपर्क साधायची आणि तिथून आलेला कोड चालवायची. शुक्रवारी, १० डिसेंबरला, ही बातमी जगभर पसरली आणि असंख्य टीमना हातातलं काम खाली ठेवावं लागलं. अशीच सात जणांची एक टीम आपण कल्पनेने उभी करू. तिच्याकडे बारा सेवा आहेत आणि सोमवारी, १३ तारखेला सकाळी, तिच्या मॅनेजरला मेल लिहायचा आहे.

आधी मीटिंग घ्यावी की आधी मेल पाठवावा?

ज्यांचं काम थांबणार आहे त्यांच्याशी आधी बोला, मग मेल पाठवा आणि त्यानंतर सगळ्यांची मीटिंग घ्या. तीन आठवडे राबून उभं केलेलं काम थांबलं, हे कोणालाही यादीतल्या चौथ्या ओळीत वाचायला लागू नये. हे बोलणं पाच मिनिटांचं असतं. शिवाय त्यातून मॅनेजरला ठाऊक नसलेली माहिती हाती लागते. आपल्या उदाहरणात अशाच बोलण्यातून कळतं की डेटाबेसचं अपग्रेड निम्म्यावर आलेलं आहे आणि तिथे ते सोडता येणार नाही. आधी मेल गेला असता, तर त्यात चुकीची सूचना गेली असती.

मीटिंग झाली तरी मेल लागतोच. तोंडी ऐकलेली यादी प्रत्येकाच्या लक्षात वेगवेगळी राहते आणि त्या दिवशी रजेवर असलेल्याला तर काहीच कळत नाही.

कारण किती खोलात सांगायचं?

पूर्वी जे माहीत नव्हतं आणि आता कळलं आहे, तेवढं सांगा. "व्यवस्थापनाने नव्याने विचार केला" हे वाचून कोणालाच काही कळत नाही. "आपल्या पाच सेवांमध्ये दोष असलेली आवृत्ती आहे, त्यांतल्या दोन थेट इंटरनेटवर उघड्या आहेत" हे वाचलं की घाई का आहे हे समजतं आणि कुठून सुरुवात करायची हेही ज्याचं त्याला उमगतं. तीन-चार वाक्यं पुरतात. निर्णय कोणी घेतला तेही लिहा. "मी घेतला" असेल तर "मी" लिहा. "ठरवण्यात आलं आहे" असं लिहिलं की शंका विचारायची कोणाला, हा प्रश्न उरतो.

गोपनीयतेमुळे खरं कारण सांगता येत नसेल, तर तसं सरळ लिहा आणि केव्हा सांगता येईल याचा अंदाज द्या. वेळ निभावण्यासाठी दिलेलं दुसरं कारण पुढे उघडं पडतं आणि त्यानंतर तुमचा असा प्रत्येक मेल संशयाने वाचला जातो.

"थांबवलं" असं लिहिलं तरी लोक गुपचूप काम करत राहतात. असं का होतं?

कारण "थांबवलं" हा एक शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि वाचणारा त्यातला आपल्याला सोयीचा अर्थ घेतो.

पहिला अर्थ: आहे तिथे, आत्ता थांबा. दुसरा: एका ठरावीक टप्प्यापर्यंत न्या आणि मग थांबा. तिसरा: हे काम आता होणार नाही. मॅनेजरच्या मनात पहिला अर्थ असतो, काम करणारा दुसरा धरून चालतो ("एवढं संपवतो, मग वळतो तिकडे") आणि ज्या विभागाने काम मागितलं होतं तो तिसरा अर्थ घेऊन रागावतो. यात कोणाचीच लबाडी नसते. मेलनेच अर्थ मोकळा सोडलेला असतो.

म्हणून प्रत्येक कामापुढे या तिन्हींपैकी काय ते लिहा. दुसरा प्रकार असेल तर टप्पा असा सांगा, की तो आला की नाही यावर दोघांचं दुमत होणार नाही. "थोडं आवरून घ्या" हा टप्पा होत नाही. "चौथा सर्व्हर नव्या आवृत्तीवर गेला की थांबा" हा होतो.

तिसऱ्या प्रकाराबद्दल जरा कडक राहा. जे काम पुन्हा सुरू होणार नाही हे तुम्हाला मनातून ठाऊक आहे, ते "थांबवलेल्या" यादीत ठेवू नका. वाईट वाटू नये म्हणून मॅनेजर असं करतात, पण मग ते काम महिनोन्महिने बोर्डवर पडून राहतं आणि ते करणारा त्याच्या आशेवर राहतो. "रद्द" लिहा.

पूर्ण मेलचा नमुना मिळेल का?

हा घ्या. खऱ्या मेलमध्ये "जोडी" किंवा "पाळीवरचे" असं लिहिलंय तिथे माणसांची नावं असतील.

> विषय: आजपासून लॉगफोरजे दुरुस्ती सर्वांत आधी, तीन कामं थांबली, एक रद्द, दोन चालू
>
> नमस्कार,
>
> आपल्या बारापैकी पाच सेवांमध्ये `log4j-core` ची दोष असलेली आवृत्ती आहे. त्यांतल्या दोन सेवा थेट इंटरनेटवर आहेत, म्हणजे बाहेरचा माणूस आपल्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकतो. म्हणून काल रात्री सुरक्षा विभागाशी बोलून मी ठरवलं की आजपासून ही दुरुस्ती सगळ्यांच्या आधी.
>
> क्रम असा: इंटरनेटवरच्या दोन सेवा आज, आतल्या तीन उद्या. उरलेल्या सात सेवांमध्ये ही लायब्ररी दुसऱ्या एखाद्या जार फाइलच्या पोटात दडलेली नाही ना, हे बुधवारपर्यंत तपासायचं.
>
> अहवाल डाउनलोडचं नवं पान: आत्ता थांबवा. असेल तसा कोड ब्रांचवर पुश करा, मर्ज करू नका.
>
> नव्या लॉगिन स्क्रीनची चाचणी: आत्ता थांबवा. दुपारी २ च्या आत सर्व वापरकर्त्यांना पुन्हा जुनी स्क्रीन दिसू लागेल असं करा. आतापर्यंतचे आकडे जपून ठेवा.
>
> ग्राहकांसाठी शोध सुविधा: आत्ता थांबवा. २४ तारीख पाळता येणार नाही. विक्री विभागाला मी आज १२ च्या आत कळवतो. तुम्हाला कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा.
>
> जुन्या चाचण्यांची साफसफाई: रद्द. ती करणारी जोडी आजपासून दुरुस्तीवर.
>
> डेटाबेस अपग्रेड: चारपैकी दोन सर्व्हर झाले आहेत. असं अर्धवट ठेवणं धोक्याचं आहे, म्हणून चालू. उद्या संध्याकाळपर्यंत उरलेले दोन करा, मग दुरुस्तीवर या.
>
> महिनाअखेरचं बिलिंग: चालू. पाळीवरचे दोघं यातच राहतील, त्यांना दुरुस्तीत ओढू नका.
>
> थांबलेलं प्रत्येक काम आज ३ पर्यंत चार ओळींत लिहून ठेवा. त्यासाठीचा वेळ धरलेला आहे. गुरुवारी, १६ तारखेला सकाळी १० वाजता आपण ही यादी पुन्हा बघू. त्या दिवशी सगळं सुरू होईल असं मी आज म्हणत नाही, पण प्रत्येक कामाबद्दल काय ते सांगेन.
>
> यादीत नसलेलं काही तुमच्या हातात असेल तर आज ११ पर्यंत मला फोन करा.

यातली शेवटची ओळ गाळू नका. मॅनेजरच्या यादीबाहेरची कामं प्रत्येक टीममध्ये असतात: कोणाला तरी दिलेला शब्द, दर सोमवारी हाताने चालवायची एखादी स्क्रिप्ट. ती कळतात ती या ओळीमुळेच.

काम आत्ता थांबवायचं की एखाद्या टप्प्यावर आणून, हे कसं ठरवायचं?

एकच प्रश्न विचारा: हे काम आहे त्या अवस्थेत तीन आठवडे पडून राहिलं, तर ते बिघडेल का?

अहवालाचं पान ब्रांचवर आहे, वापरणाऱ्या कोणापर्यंत पोचलेलं नाही. ते पडून राहिलं तर फार तर मर्ज करताना त्रास होईल, म्हणून ते लगेच थांबवता येतं. डेटाबेसच्या चार सर्व्हरवर दोन वेगळ्या आवृत्त्या असतील, तर रात्री काही बिघडल्यावर नेमकं काय बिघडलं हे शोधायला दुप्पट वेळ जाईल, आणि तोही दुरुस्तीच्या ऐन धामधुमीत. ते पुढे तरी न्यायचं किंवा मागे तरी घ्यायचं. इथे दोन सर्व्हर उरलेत, म्हणून पुढे न्यायचं. चारपैकी एकच झाला असता, तर कदाचित मागे घेणं स्वस्त पडलं असतं.

चालू प्रयोग मात्र नजरेतून निसटतात. लॉगिनच्या चाचणीत निम्म्या वापरकर्त्यांना नवी स्क्रीन दिसते आहे. तिच्यावर कोणी काम करत नसलं, तरी ती चालूच आहे. तिला वाली नसताना तिच्यात दोष निघाला, तर तो पकडणार कोण? म्हणून ती मुद्दाम बंद करावी लागते. आणि पुन्हा सुरू कराल तेव्हा मोजणी शून्यापासून करा. मधल्या खंडाच्या दोन बाजूंचे आकडे एकत्र केले, तर निष्कर्षावर भरवसा ठेवता येणार नाही.

थांबवण्याआधी चार ओळी लिहायला सांगता. घाईत त्यासाठी वेळ कुठून आणायचा?

तो मेलमध्येच द्यावा लागतो. नमुन्यात "वेळ धरलेला आहे" हे शब्द त्यासाठीच आहेत.

संस्था आणि कामाच्या पद्धतींवर संशोधन करणाऱ्या सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं, की एक काम अपुरं सोडून माणूस दुसऱ्याकडे वळला की त्याच्या लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो आणि दुसऱ्या कामात त्याची कामगिरी खालावते. पुढे २०१८ मध्ये त्यांनी आणि थेरेसा ग्लोम्ब यांनी यावर एक साधा उपाय तपासला: वळण्याआधी आपण कुठे पोचलो आहोत आणि परत आल्यावर काय करणार आहोत, हे थोडक्यात लिहून काढायचं. असं लिहिणाऱ्यांचं लक्ष नव्या कामात अधिक चांगलं लागलं. म्हणजे या चार ओळींचा उपयोग महिन्याभराने काम पुन्हा हाती घेताना तर होतोच, पण आज दुपारी, दुरुस्ती करतानाही होतो.

चार ओळींत काय असावं? काय झालं आहे, काय उरलं आहे, परत आल्यावर पहिलं पाऊल कोणतं, आणि डोक्यात असलेली पण कुठेही न लिहिलेली एखादी गोष्ट. ही चौथी ओळ सर्वांत मोलाची असते. उदाहरणार्थ: "तारखेच्या रकान्यात रिकामी किंमत आली की फाइल कोरी उतरते. कारण सापडलं आहे, दुरुस्ती केलेली नाही." ही ओळ नसेल, तर तोच शोध पुन्हा घ्यावा लागतो.

दुसऱ्या विभागांना कोणी सांगायचं?

मॅनेजरने. आणि टीमला मेल जाण्याआधी, निदान त्याच तासाभरात.

ही जबाबदारी मेलमध्ये वेळेसह लिहिलेली नसेल, तर काय होतं ते ठरलेलं आहे. विक्री विभागातला कोणी तरी शोध सुविधा करणाऱ्या मुलीला थेट विचारतो, "चोवीसला मिळतंय ना?" तिला नाही म्हणवत नाही. ती संध्याकाळी घरी बसून थोडं थोडं पुढे नेते. थांबवलेलं काम असं चोरपावलांनी चालू राहतं आणि दुरुस्तीवर आलेली व्यक्ती थकलेली असते. "माझ्याकडे पाठवा" या दोन शब्दांनी तिच्या खांद्यावरचं ओझं उतरतं.

काम पुन्हा कधी सुरू होईल हेच माहीत नाही. मग काय लिहायचं?

सुरू होण्याची तारीख देऊ नका, आढाव्याची द्या. पहिली तुमच्या हातात नाही, दुसरी आहे.

लॉगफोरजेच्या प्रकरणात याची चांगलीच परीक्षा झाली. पहिली दुरुस्ती आवृत्ती 2.15.0 मध्ये आली. ती अपुरी निघाली आणि लगोलग 2.16.0 आली. त्याच आठवड्याच्या शेवटाकडे 2.17.0, आणि महिना संपता संपता 2.17.1. आपल्या मॅनेजरने सोमवारी "पाचही सेवा 2.15.0 वर गेल्या की थांबलेली कामं सुरू" असं लिहिलं असतं, तर मंगळवारीच शब्द मोडावा लागला असता. नमुन्यातल्या मेलमध्ये आवृत्तीचा आकडा नाही, तो याच कारणाने. गुरुवारी यादी बघू, एवढाच शब्द दिला आहे आणि तो पाळता येतो.

गुरुवारी सांगण्यासारखं नवीन काही नसलं, तरी "अजून चालू आहे, पुढचा आढावा सोमवारी" एवढं कळवाच. आढाव्याचा दिवस काही न बोलता गेला, की आपलं काम विसरलं गेलं असं लोक धरून चालतात.

कारण वाढत गेलं, तर दर वेळी सगळं पुन्हा थांबवायचं का?

नाही. इथे मॅनेजरला स्वतःचा निर्णय घ्यावा लागतो, आणि त्यासाठी आधी नवी सूचना शेवटपर्यंत वाचावी लागते. 2.17.0 ने बुजवलेल्या दोषामुळे, ठरावीक मांडणी असलेली सेवा बंद पाडता येत होती. 2.17.1 ने बुजवलेला दोष वापरायला हल्लेखोराला आधी लॉगिंगची मांडणी ठरवणारी फाइलच बदलता यावी लागत होती. म्हणजे या शेवटच्या आवृत्तीसाठी सात जणांना पुन्हा हात थांबवायला लावण्याची गरज नव्हती. दोघांनी नेहमीच्या कामाबरोबर ती बसवली असती तरी चाललं असतं. अशा वेळी मेल दोन ओळींचा असावा: काय नवीन आलं, कोण बघणार, बाकीच्यांनी चालू कामं सोडायची नाहीत. हे तिसरं वाक्य विसरलं की लोक आपणहून थांबतात.

वरून सांगितलंय की नवं कामही करा आणि जुनं काहीच थांबवू नका. मग?

मग मेल टीमला लिहायचा नाही, आधी वर लिहायचा. हातात किती माणसं आहेत, नव्या कामाला किती लागतील, किती उरतात, आणि उरलेल्यांत कोणती दोन कामं होतील, हे मांडा. "यातलं काय थांबवू?" असं मोघम विचारलं की उत्तर "काहीच नको" येतं. "शोध सुविधा आणि अहवालाचं पान थांबवतो आहे, दुसरं काही थांबवायचं असेल तर आज ४ पर्यंत सांगा" असं लिहिलं, तर बोलणं पुढे सरकतं. आपल्याला जे ठरवता आलं नाही ते टीमवर ढकलून "जमेल तसं दोन्ही सांभाळा" असं लिहिणं मला अन्यायाचं वाटतं. कारण मग काय मागे पडणार हे सर्वांत दमलेला माणूस रात्री अकरा वाजता ठरवतो.

माफी मागावी का?

घोळ तुमच्या चुकीने झाला असेल तर एका वाक्यात मागा. एरवी माफीपेक्षा लोकांना एक वेगळी गोष्ट हवी असते: थांबलेल्या कामाचा आपल्या वार्षिक मूल्यमापनावर परिणाम होणार का, याचं उत्तर. विचारायला ते कचरतात. "शोध सुविधेची तारीख चुकली ती माझ्या निर्णयामुळे, मूल्यमापनात तशीच नोंद होईल" असं लेखी द्या. तेवढा अधिकार तुमच्याकडे नसेल, तर ज्याच्याकडे आहे त्याला विचारून मगच लिहा.

मेल समजला की नाही हे कसं ओळखायचं?

"ठीक आहे" अशी उत्तरं आली म्हणून समजला असं धरू नका. दुसऱ्या दिवशी तीन ठिकाणी बघा. थांबवलेल्या ब्रांचवर नवे कमिट येताहेत का? बोर्डवर ती कामं अजून "चालू" रकान्यातच आहेत का? आणि सकाळच्या उभ्या बैठकीत कोणी "दुरुस्ती बघतोय, मधेच अहवालाचंही थोडं" असं म्हणतंय का? असं दिसलं तर त्या माणसाला दोष देण्याआधी विचारा, की ते सोडवत का नाही. बहुतेक वेळा कोणाला तरी दिलेला शब्द आड येत असतो, आणि तो तुम्हाला माहीत नसतो.

थांबलेली कामं सुरू करताना पुन्हा मेल लागतो का?

लागतो, आणि त्यात सगळी कामं एकदम सुरू करू नका. आपल्या टीमने पहिल्या दिवशी शोध सुविधा घ्यावी, कारण बाहेर शब्द दिलेला आहे. विक्री विभागाला नवी तारीख द्यायची ती काम करणाऱ्यांना विचारून. अहवालाचं पान त्यानंतर. ब्रांच इतके दिवस पडून असल्याने पहिला अर्धा दिवस ती मुख्य कोडशी जुळवण्यातच जाईल, तो हिशोबात धरा. लॉगिनची चाचणी सर्वांत शेवटी, आणि आधी हा प्रश्न विचारून: तिची अजून गरज आहे का? नसेल तर तीही रद्द म्हणून लिहा आणि त्या चार ओळी वाचून बोर्डवरून काढा.